भातकापणीच्या फिल्मसाठी ड्रोनचे चार शॉट: कागदापासून शिवारापर्यंत

ड्रोन हाती आला की नवखा माणूस पहिल्यांदा तो सरळ वर नेतो. शंभर मीटरवरून शेत पाहायला छान वाटतं, पण फिल्ममध्ये तोच शॉट तीन सेकंदांत संपतो. एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही, बांध दिसत नाही, काम दिसत नाही. सगळं शिवार हिरव्या-पिवळ्या चौकटींचं कापड होऊन जातं. म्हणून उडवण्याआधी कागदावर बसायचं. कुठला शॉट कुठे सुरू होणार, कुठे संपणार, किती उंचीवरून, किती वेगाने आणि त्या वेळी सूर्य कुठे असणार, हे आधी ठरलं की सुरक्षिततेचे निम्मे प्रश्नही त्याच कागदावर सुटतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. ठाणे जिल्ह्यात मुरबाडकडे, सरळगावच्या पुढे आत गेल्यावर चार एकरांचं भातशेत आहे असं धरू. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, कापणी चालू. पाच मिनिटांची फिल्म करायची आहे आणि त्यात हवेतून घेतलेली दृश्यं मिळून साधारण पाऊण मिनिट. पाऊण मिनिट म्हणजे चार शॉट, त्याहून जास्त नकोत. बाकीची गोष्ट जमिनीवरच्या कॅमेऱ्याने सांगायची आहे.

आधी नकाशा, मग परवानगी

गुगल अर्थवर शेत शोधा आणि मोजपट्टीने लांबी-रुंदी काढा. चार एकर म्हणजे सुमारे सोळा हजार दोनशे चौरस मीटर. आपलं शेत पूर्व-पश्चिम १६० मीटर आणि दक्षिणोत्तर १०० मीटर आहे. दक्षिणेच्या बांधाला लागून ट्रॅक्टरची वाट, तिच्यापलीकडे मोकळा माळ. नैर्ऋत्य कोपऱ्यात खळं आणि खळ्याशेजारी मोठा आंबा. उत्तरेच्या बांधावरून विहिरीच्या मोटारीला जाणारी विजेची लाईन. हे सगळं कागदावर काढा, तारा लाल पेनाने.

मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या डिजिटल स्काय नकाशावर तीच जागा पाहा. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलं आहे. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात ही मुभा ६० मीटरपर्यंतच आहे. ८ किलोमीटरच्या आत पिवळा पट्टा जमिनीपासूनच सुरू होतो, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. हे रंग बदलत असतात, त्यामुळे महिन्यापूर्वी पाहिलेल्या नकाशावर विसंबू नका. शूटिंगच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा.

मुरबाडकडे विमानतळाची अडचण सहसा नसते. बेलापूर, खारघर, पनवेल किंवा उलव्याजवळच्या कॉलेजची फिल्म करणाऱ्यांना मात्र ती पहिल्याच पायरीवर येते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं, आणि त्याआधी तिथल्या कॅम्पसवर सहज उडवलेल्या ड्रोनच्या आठवणी आता उपयोगाच्या नाहीत. ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचं केंद्र आहे, खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे आकाशाच्या रंगाखेरीज संरक्षण किंवा वनखात्याचाही प्रश्न येतो. शिवाय ठाणे आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्त वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. नकाशा हिरवा दिसला तरी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी. गावात पोलीस पाटील आणि शेजारच्या शेतकऱ्यांना सांगावं. रात्री-अपरात्री आकाशात दिवा दिसला की गावांत चोरांच्या अफवा उठतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. ड्रोनची नोंदणी होऊन त्याला विशिष्ट ओळख क्रमांक मिळालेला हवा. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही व्यावसायिक काम नसेल तर लागत नाही, पण फिल्मचे पैसे घेत असाल तर लागतं. नॅनो सोडून बाकीच्या ड्रोनना तृतीयपक्ष विमा हवाच. आपलं काम पैसे घेऊन असेल तर प्रमाणपत्र असलेला पायलट बोलवा आणि तुम्ही शॉटचं नियोजन करा. मला हीच वाटणी जास्त बरी वाटते, कारण उडवणारा आणि चित्र ठरवणारा वेगळा असला की दोघांचंही लक्ष आपापल्या कामावर राहतं.

उंची आकड्याने ठरवायची

बहुतेक छोट्या ड्रोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिलिमीटर लेन्ससारखं पाहतो. त्यावरून लक्षात ठेवायला सोपा हिशेब निघतो: कॅमेरा सरळ खाली असेल तर चौकटीत मावणारी रुंदी उंचीच्या दीडपट आणि चौकटीची उभी बाजू उंचीच्या पाऊणपटीहून थोडी जास्त, ०.८४ पट. २० मीटरवरून ३० मीटर रुंद आणि १७ मीटर उभा तुकडा दिसतो. ३० मीटरवरून ४५ गुणिले २५.

आता आपलं १६० गुणिले १०० मीटरचं शेत वरून अख्खं बसवायचं तर लागणारी उंची ११९ मीटर येते, म्हणजे जवळजवळ कायद्याची कमाल मर्यादा. तिथे कापणारी माणसं ठिपक्याएवढीही उरत नाहीत. अख्खं शेत दाखवायचंच असेल तर ते ४०-४५ मीटरवरून तिरक्या नजरेने दाखवावं. मागे डोंगर येतो, बांधांच्या रेषा मागे धावतात, आणि शेत किती मोठं आहे हे जास्त नीट कळतं.

वेगाचाही असाच हिशेब आहे. एखादी वस्तू चौकटीत एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायला निदान सात सेकंद घ्यायला हवेत. त्याहून लवकर गेली तर २५ फ्रेमच्या व्हिडिओत चित्र अडखळत सरकतं आणि डोळ्याला टोचतं. ३० मीटरवर सरळ खाली बघत पुढे जायचं तर उभी बाजू २५ मीटर, भागिले सात, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर. सहा मीटरवर तेच गणित पाऊण मीटरवर येतं. खाली येताना वेग कमी करायचा असतो, पण नवीन लोक नेमकं उलट करतात, कारण खाली आल्यावर त्यांना थरार हवा असतो. फ्रेम २५ ठेवली की शटर १/५० ठेवा. त्यासाठी उन्हात प्रकाश कमी करणारा गडद काचेचा एनडी फिल्टर लागेल. किती गडद, ते पहिल्या चाचणी उड्डाणात ठरवा आणि मग एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून टाका. ऑटो राहिलं तर शॉटच्या मध्येच पिवळं भात एकदम फिकट पडतं.

चार शॉट

पहिला शॉट जागा सांगणारा. ३० मीटरवर कॅमेरा जवळजवळ सरळ खाली, चौकटभर फक्त पिकलेलं भात. ड्रोन पूर्वेकडे सेकंदाला तीन मीटरने जातो आणि बारा सेकंदांत कॅमेरा हळूहळू वर उचलला जातो. आधी बांध, मग शेजारचं शिवार आणि शेवटी सह्याद्रीची भिंत. मुरबाडला डोंगर पूर्वेला आहे. सकाळी हा शॉट घेतला तर सूर्य समोर येतो, डोंगर नुसती काळी आकृती होतो आणि भाताचा रंग मरतो. म्हणून हा शॉट संध्याकाळी साडेचार ते सव्वापाचच्या दरम्यान घ्यायचा. तेव्हा पाठीमागून येणारं ऊन थेट डोंगरावर पडतं. मात्र दुपारनंतर वारा बऱ्याचदा पश्चिमेकडून असतो. ड्रोन वाऱ्याबरोबर सहज पुढे जातो आणि परत येताना त्याच वाऱ्याशी झगडतो. मूठभर सुका पेंढा हातातून सोडून जमिनीवरचा वारा पाहा आणि वर तो जास्त असणार हे धरून चाला. या शॉटला बॅटरी ५० टक्क्यांवर आली की परत फिरायचं.

दुसरा शॉट कामाचा. विळे घेऊन ओळीने पुढे सरकणारी माणसं, एका बाजूला कापलेलं, दुसऱ्या बाजूला उभं भात. सगळ्यांना हा शॉट बरोबर डोक्यावरून हवा असतो, आणि तिथेच माझा विरोध आहे. २० मीटरवरून पडलेला अर्धा किलोचा ड्रोनही डोकं फोडतो. तो माणसांच्या डोक्यावर नेण्याची गरजही नाही. कॅमेरा सरळ खाली न ठेवता ७० अंशांवर ठेवा. २० मीटर उंचीवर असा कॅमेरा चौकटीच्या मध्यभागी जे दाखवतो ते ड्रोनच्या खालच्या बिंदूपासून सुमारे सात मीटर पुढे असतं. म्हणजे ड्रोन कापून मोकळ्या झालेल्या भागावर तरंगतो आणि माणसं चौकटीच्या मध्यभागी येतात. पाहणाऱ्याला ते वरूनच घेतल्यासारखं वाटतं. ड्रोन स्थिर ठेवा, हालचाल माणसांची असू दे. सकाळी ऊन तिरपं असताना घेतला तर माणसांच्या लांब सावल्या कापलेल्या भागावर पडतात आणि काम ठळक दिसतं. डोंगराआडून सूर्य वर यायला तिथे वेळ लागतो, त्यामुळे मुंबईच्या सूर्योदयाच्या वेळेवर घड्याळ लावू नका. आदल्या दिवशी शेतात उभं राहून उन्हाची पहिली तिरीप किती वाजता पोहोचते ते लिहून ठेवा.

तिसरा शॉट वाहतुकीचा: भारे लादलेला ट्रॅक्टर दक्षिणेच्या वाटेने खळ्याकडे जातो आणि ड्रोन त्याला समांतर चालतो. उंची सहा मीटर, अंतर पंधरा मीटर, वेग ट्रॅक्टरचाच, सेकंदाला दीड मीटर. ड्रोन माळाच्या बाजूने उडवायचा, म्हणजे खाली कोणी नसतं आणि ट्रॅक्टरमागे शेत दिसतं. पडद्यावर बारा सेकंद हवे असतील तर दोन्ही टोकांना पाच-पाच सेकंद जादा धरा. बावीस सेकंदांना ३३ मीटरची सरळ वाट लागते. ट्रॅक्टर त्याच्या दहा मीटर आधीपासून चालू झालेला असावा. आंब्याच्या २५ मीटर आधी शॉट संपवायचा, कारण सहा मीटरवरून जाणारा ड्रोन थेट त्याच्या फांद्यांत शिरतो. ड्रायव्हरला एकच सूचना द्या: ड्रोनकडे बघायचं नाही आणि वेग बदलायचा नाही.

चौथा शॉट शेवटचा, खळ्यावरून मागे आणि वर जाणारा. सुरुवातीला आठ मीटरवरून खळ्यातली झोडणी. मग ड्रोन नैर्ऋत्येकडे, माळावर, सेकंदाला तीन मीटरने मागे सरकत ४५ मीटरपर्यंत चढतो आणि चौकटीत आधी खळं, मग त्याच्या मागे चार एकर उलगडत जातात. वीस सेकंदांत तो साठ मीटर मागे जातो. हाही संध्याकाळचाच, ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून यावं म्हणून. सुरुवातीच्या क्षणी ड्रोन माणसांच्या वर नसून खळ्याच्या कडेपासून निदान दहा मीटर बाहेर असला पाहिजे. त्याहून जवळ आणलात तर पंख्यांच्या वाऱ्याने भुसा उडून लोकांच्या डोळ्यांत जातो.

चारही शॉटमध्ये हा सगळ्यात धोक्याचा आहे, कारण ड्रोन जिकडे जातोय तिकडे कॅमेरा बघत नाही. मागचे सेन्सर आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. ते झाड ओळखतात, विजेची बारीक तार त्यांना बहुधा दिसत नाही. म्हणून चौथ्या शॉटचा मार्ग आधी सरळ उडवायचा. ड्रोन शेवटच्या बिंदूवर नेऊन तिथून खळ्याकडे, तोंड पुढे करून, त्याच रेषेत हळू आणायचा. रेषेत काही आडवं आलं तर ते पडद्यावर दिसेल. मगच मागे उडवायचा. याला दीड मिनिट लागतं आणि ते प्रत्येक वेळी द्यायचं.

तारा, घारी आणि आग्या मोहोळ

तार आकाशात शोधू नका, खांब शोधा. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच. खांबाच्या माथ्यावर तारा ज्यांना बांधतात त्या चिनीमातीच्या चिमण्या पाहिल्या की तारा कोणत्या दिशेला फुटतात ते कळतं. विहिरीकडे, गोठ्याकडे, शेजारच्या घराकडे जाणारी एकटी वायर सगळ्यात फसवी. म्हणून शेताला पायी एक फेरी मारून प्रत्येक तार कागदावर चढवा. दोन खांबांच्या मधून कधीही जायचं नाही. ओलांडायची वेळ आलीच तर खांबाच्या माथ्याच्या बरंच वरून ओलांडा. मुळात आपल्या चारही शॉटचे मार्ग उत्तरेच्या लाईनपासून लांब ठेवलेत ते यासाठीच.

सिग्नल तुटला तर ड्रोन आपणहून परत येतो, पण आधी ठरलेल्या उंचीपर्यंत चढून मगच. ती उंची परिसरातल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा जास्त हवी. आपल्याकडे आंबा आणि खांब दोन्ही वीस मीटरच्या आत आहेत, तेव्हा ४० मीटर पुरे. अतिउच्च दाबाचे मनोरे जवळ असतील तर मात्र नुसती उंची वाढवून भागत नाही. त्या बाजूचे शॉटच काढून टाकावेत.

घारी कापणीच्या दिवसांत उंदरांसाठी शेतावर फिरतात आणि ड्रोनच्या मागे लागतात. घार घिरट्या घालत जवळ येऊ लागली तर खाली पळू नका. ती वरून झेप घेते, म्हणून ड्रोन सरळ वर चढवा, बाजूला न्या आणि ती दूर झाल्यावर उतरवा. त्या वेळचा शॉट सोडून द्यावा. मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाच्या आसपासही जाऊ नका. माशा उठल्या तर झळ पायलटला नाही, शेतात वाकून काम करणाऱ्यांना बसते. बैल किंवा म्हशी बांधलेल्या असतील तर निदान तीस मीटर लांब राहा आणि त्यांच्या मालकाला जनावराजवळ उभं करा.

उड्डाणाची जागा खळ्यावर नको, भुसा आणि पेंढ्याचे तुकडे मोटारीत अडकतात. ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या बॉनेटवरूनही नको, लोखंडाने होकायंत्र भरकटतं. माळावर एखादी घट्ट चटई अंथरा, पुरेसे उपग्रह मिळून परतीचा बिंदू नोंदला जाईपर्यंत थांबा, मग दोन मीटरवर अर्धा मिनिट तरंगवून बघा. ड्रोन एका जागी राहत नसेल, गोल फिरत किंवा सरकत असेल, तर उतरवून कारण शोधा.

प्रत्यक्ष दिवस

माणसं तीन लागतात. पायलट, त्याच्या शेजारी उभा राहून सतत ड्रोनकडेच बघणारा निरीक्षक आणि शेतातल्या लोकांना सांभाळणारा एक जण. निरीक्षकाने पडद्यात डोकावायचं नाही. त्याचे शब्द आधी ठरवा: ‘थांब’ म्हटलं की पायलटने रिमोटच्या दोन्ही काड्या सोडायच्या, ‘वर’ म्हटलं की सरळ चढवायचा. कारण विचारायचं ते नंतर. गावातली मुलं हमखास ड्रोनखाली धावतात. त्यांना आधी जमवून, ड्रोन जवळून दाखवून, चटईच्या मागे बसवलं की बहुतेक वेळा काम होतं.

एका शॉटला दोन टेक आणि मधली हलवाहलव धरून साधारण चार मिनिटं जातात. सकाळचे दोन शॉट एका बॅटरीत, संध्याकाळचे दोन दुसऱ्या बॅटरीत, तिसरी राखीव. कंपनी तीस मिनिटं सांगत असली तरी हिशेब अठरा मिनिटांचाच करा. संध्याकाळच्या पहिल्या शॉटला परतीची ५० टक्क्यांची मर्यादा घातलीच आहे, म्हणून तो बॅटरी भरलेली असताना आधी घ्या आणि चौथा त्यानंतर. बाकीच्या शॉटना ३० टक्क्यांवर खाली यायचं. शॉट फार चांगला चाललाय म्हणून ही मर्यादा वाकवू नका.

दर दोन शॉटनंतर ड्रोन उतरवून फुटेज लॅपटॉपवर बघा, फोनवर नको. क्षितिज तिरपं आहे का, कॅमेरा वर उचलताना मध्ये झटका बसलाय का, वरच्या कडेला पंख्यांची सावली किंवा पातं दिसतं का, ड्रोनची स्वतःची सावली भातावरून सरकते का, एवढं तपासा. क्षितिज तिरपं असेल तर कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल सपाट जागी पुन्हा कॅलिब्रेट करा. झटका असेल तर कॅमेऱ्याच्या हालचालीचा वेग सेटिंगमध्ये कमी करा, बोटाने सांभाळायला जाऊ नका. पातं दिसत असेल तर समोरून वाऱ्यात जोरात जाताना ड्रोन वाकलाय, वेग उतरवा. दुरुस्ती करून त्याच उन्हात पुन्हा घ्या, कारण उद्या ती ओळ कापून झालेली असेल.

कॉलेजच्या कॅम्पससाठी हाच कागद चालतो, फक्त लोकांची गर्दी जास्त म्हणून सुट्टीचा दिवस निवडा, दोन इमारतींच्या मधल्या बोळात जाऊ नका कारण तिथे उपग्रहाचा सिग्नल तुटतो आणि वारा अचानक वळतो, आणि शेजारच्या सोसायट्यांच्या खिडक्या चौकटीत येणार नाहीत अशी दिशा धरा.

काही पडलं, कुणाला लागलं, तर आधी माणूस बघायचा. ड्रोनची अपघाती घटना ४८ तासांच्या आत महासंचालनालयाला कळवणं नियमाने बंधनकारक आहे. बॅटऱ्या गरम असताना चार्जला लावू नका, सावलीत हाताला थंड लागेपर्यंत ठेवा. कार्डावरचं फुटेज दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कार्ड पुसू नका.